फॅमिली फ्लोटरमध्ये बाळाचं नाव कसं घालायचं: जन्मदाखला, अर्ज आणि वाढीव प्रीमियम

नवरा-बायको दोघांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे, म्हणजे बाळ झालं की ते आपोआप त्यात आलं, असं बहुतेक नव्या आईबाबांना वाटतं. तसं होत नाही. साधारणपणे पॉलिसीच्या कागदावर ज्यांची नावं छापली आहेत त्यांचाच विमा असतो. बाळाचं नाव त्यात यायला अर्ज करावा लागतो, जन्माचा पुरावा द्यावा लागतो आणि वाढीव प्रीमियम भरावा लागतो. या तिन्हींत प्रीमियम सगळ्यात महत्त्वाचा. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. त्यामुळे तुम्ही मेल कधी पाठवला, एजंटला फोनवर कधी सांगितलं, याने बाळाचं संरक्षण सुरू होत नाही. ते सुरू होतं पैसे कंपनीकडे पोचल्यावर आणि कंपनीने एन्डॉर्समेंटवर, म्हणजे पॉलिसीत बदल झाल्याच्या पत्रावर, जी तारीख घातली त्या तारखेपासून. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं आहे.

आधी तुमची पॉलिसी काय म्हणते ते बघा

हे काम प्रसूतीच्या आधीच करून ठेवलेलं बरं. नंतर झोपेचं खोबरं झालेलं असताना पंचवीस पानी पीडीएफ वाचवत नाही. पॉलिसीच्या अटींमध्ये ‘न्यू बॉर्न’ आणि ‘मिड-टर्म इन्क्लुजन’ हे दोन शब्द शोधा. विमाक्षेत्रात नवजात बाळ म्हणजे जन्मापासून 90 दिवसांपर्यंतचं बाळ, आणि साधारणपणे या 90 दिवसांवरच सगळ्या अटी उभ्या असतात.

पॉलिसीत मातृत्व लाभ असेल आणि त्याचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला असेल, तर बऱ्याच पॉलिसी बाळालाही पहिल्या दिवसापासून 90 दिवसांपर्यंत सांभाळतात. बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, तर तो खर्च त्यात बसू शकतो. त्याला वेगळी कमाल मर्यादा असते, ती किती आहे हे बघून ठेवा. काही पॉलिसींमध्ये हे संरक्षण सोळाव्या दिवसापासून सुरू होतं. यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट सारखी: नव्वद दिवस संपले की ते संरक्षण संपतं, आणि पुढे चालू ठेवायचं तर बाळाचं नाव पैसे भरून पॉलिसीत घालावं लागतं.

मातृत्व लाभ नसलेली साधी पॉलिसी असेल तर बहुधा बाळाला तीन महिने पूर्ण होईपर्यंत घेत नाहीत. उदाहरणार्थ, सगळ्या कंपन्या एकाच साच्यात विकतात त्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत मुलांचं किमान वय तीन महिने आहे. मग त्या तीन महिन्यांचं काय? तुमच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीच्या ठिकाणी ग्रुप पॉलिसी असेल, तर तिच्यात बाळाला पहिल्या दिवसापासून घेण्याची सोय बऱ्याचदा असते. मात्र तिथे कळवण्याची मुदत फार कमी असते. दवाखान्यातून घरी यायच्या आधीच एचआरला मेल टाका. ग्रुप पॉलिसीत नाव घातलं म्हणून तुमच्या स्वतःच्या फ्लोटरमध्ये ते येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

अजून एक अट नीट वाचा: कंपनी बाळाला वर्षाच्या मध्येच घेते, की फक्त नूतनीकरणाच्या वेळी? बहुतेक ठिकाणी मधल्या काळात दोनच प्रकारच्या माणसांना प्रवेश असतो, नवीन लग्न झालेला जोडीदार आणि नवजात बाळ. त्यासाठीही कळवण्याची मुदत ठरलेली असते. ती चुकली तर नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

जन्मदाखला: खरी अडचण इथे येते

आपल्याकडे पहिलं बाळंतपण अजूनही माहेरी होतं. घर पुण्यात, पॉलिसीवर पत्ता पुण्याचा, आणि बाळाचा जन्म सांगलीच्या दवाखान्यात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्याच निबंधकाकडे होते. म्हणजे हा दाखला सांगली महापालिकेकडून मिळणार. पुण्यात कितीही हेलपाटे घातले तरी मिळणार नाही. गावात ग्रामपंचायत, छोट्या शहरात नगरपरिषद, मोठ्या शहरात महापालिका. दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद कळवणं ही दवाखान्याची जबाबदारी असते. पण त्यासाठीचा फॉर्म तुमच्याकडून भरून घेतात आणि त्यात लिहिलेलं प्रत्येक अक्षर पुढे दाखल्यावर उमटतं.

तो फॉर्म बहुधा बाळाचे आजोबा किंवा मामा भरतात, कारण बाळाचे बाबा त्या वेळी बाळंतिणीजवळ तरी असतात किंवा अजून एसटीत तरी. इथे एक ठरलेला घोळ होतो. माहेरच्या दवाखान्यात बाळंतिणीची फाइल माहेरच्या नावाने उघडलेली असते, तिचं आधार कार्डही कधी कधी माहेरच्याच नावाचं असतं, आणि पॉलिसीत मात्र तिचं सासरचं नाव असतं. दाखल्यावर आईचं नाव एक आणि पॉलिसीत दुसरं दिसलं की कंपनी शंका काढते, ‘विमाधारक स्त्री आणि बाळाची आई एकच आहे का?’ मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचा पुरावा मागतात, आणि त्यात आठवडे जातात. म्हणून फॉर्म भरणाऱ्याच्या मोबाइलवर पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवून ठेवा. आईचं आणि वडिलांचं नाव त्यातल्यासारखंच, इंग्रजी स्पेलिंगसकट, लिहायला सांगा. आई स्वतःचं माहेरचं नावच लावत असेल आणि पॉलिसीतही तेच असेल तर प्रश्नच नाही. दोन्हीकडे एक असलं की झालं.

जन्म 21 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. त्या मुदतीत नोंद झाली की दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवस ओलांडले की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला मिळाल्यावर तो जागेवरच वाचा. चूक राहिली असेल तर दुरुस्ती त्याच कार्यालयात होते, आणि ती पहिल्या महिन्यात करून घेणं सोपं जातं. नंतर पुण्याहून सांगलीला खास त्यासाठी जावं लागतं.

नावाचं काय? नाव ठरलं नसेल तरी जन्माची नोंद अडत नाही. दाखल्यावर नावाची जागा रिकामी राहते, आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालून घेता येतं. पण विम्यासाठी नाव असलेला दाखलाच द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बेबी ऑफ अमुक’ या नावानेही काही कंपन्या बाळाला घेतात. पण मग कॅशलेस कार्डावर तेच नाव येतं, दवाखान्यात बाळाची फाइल खऱ्या नावाने उघडते, आणि ऐन गरजेच्या वेळी दोन नावं जुळवत बसावं लागतं. बारसं झालं की त्याच आठवड्यात नाव नोंदवून घ्या. नव्वद दिवसांत तेवढा वेळ नक्की मिळतो. घरात एक नाव, पत्रिकेत दुसरं असेल तर कायम वापरायचं तेच सगळीकडे द्या आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा.

जन्माचा पुरावा म्हणून काही कंपन्या तात्पुरतं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड मान्य करतात. अर्ज वेळेत जावा म्हणून ते चालतं, पण त्यावर विसंबून राहू नका. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट वगैरे कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून कायद्याने जन्मदाखलाच धरला आहे. त्यामुळे तो तुम्हाला लागणारच आहे.

अर्ज: काय लिहायचं, कुठे द्यायचा

अर्ज पॉलिसीधारकाने करायचा, म्हणजे ज्याच्या नावावर पॉलिसी काढली आहे त्याने. पॉलिसी आईच्या नावावर असेल तर सही आईची. अर्ज विमा कंपनीकडे जातो, टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, नाही. कार्डावर टीपीएचा नंबर छापलेला असतो म्हणून बरेच जण तिथे फोन करत राहतात. टीपीए फक्त क्लेम बघतो, पॉलिसीत बदल करणं त्याच्या हातात नसतं. कंपनीचं ॲप, ग्राहकसेवेचा मेल किंवा शाखा, यांपैकी कुठेही द्या. एजंटमार्फत दिलात तरी मेलची एक प्रत स्वतः कंपनीला पाठवा आणि सर्व्हिस रिक्वेस्टचा क्रमांक लिहून ठेवा.

कंपनीचा छापील फॉर्म असतोच. त्याबरोबर असं पत्र जोडलं की काम सरळ होतं:

> विषय: पॉलिसी क्र. ______ मध्ये नवजात मुलीचा समावेश करण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
> वरील फॅमिली फ्लोटर पॉलिसी माझ्या नावे असून तिचा कालावधी 1 नोव्हेंबर 2025 ते 31 ऑक्टोबर 2026 असा आहे. सध्या त्यात मी व माझी पत्नी विमाधारक आहोत. आम्हाला 12 जानेवारी 2026 रोजी मुलगी झाली. तिचे नाव ______ (इंग्रजी स्पेलिंग ______). पॉलिसीच्या अटींनुसार तिला 12 एप्रिल 2026 पासून विमाधारक म्हणून समाविष्ट करावे.
> भरावयाचा वाढीव प्रीमियम, तो कसा काढला याचा तपशील आणि पैसे भरण्याची लिंक कळवावी. जन्मदाखला, डिस्चार्ज कार्ड व पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे. एन्डॉर्समेंट मिळाल्यावर तिचे कॅशलेस कार्डही पाठवावे.

फॉर्ममध्ये बाळाच्या तब्येतीचे प्रश्न असतात. इथे हात आखडता घेऊ नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, वजन कमी होतं, आठवडाभर अतिदक्षता विभागात होतं, टू-डी इकोमध्ये हृदयाला बारीक छिद्र दिसलं होतं, हे सगळं लिहा आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. ‘आता बाळ ठणठणीत आहे, मग कशाला लिहा’ असं एजंट म्हणाला तरी लिहा. डिस्चार्ज कार्डावर जे नोंदलेलं आहे ते पहिल्या मोठ्या क्लेमच्या वेळी कंपनी मागवून वाचते, आणि लपवलेली माहिती सापडली तर तो क्लेम नाकारला जाऊ शकतो. आधी सांगितलं तर कंपनी फार तर जास्तीचे कागद मागेल, त्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी लावेल किंवा पुढच्या नूतनीकरणाला या म्हणेल. निदान तुम्ही कुठे उभे आहात ते तुम्हाला कळतं.

वाढीव प्रीमियमचा हिशोब

वरच्या पत्रातलंच उदाहरण घेऊ. दोन मोठ्यांच्या पाच लाखांच्या फ्लोटरचा वर्षाचा प्रीमियम समजा 18,000 रुपये आहे, आणि त्याच पॉलिसीचा दोन मोठे व एक मूल असा दर 21,650 रुपये आहे. फ्लोटरचा दर प्रामुख्याने घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर आणि किती जण आहेत यावर ठरतो, म्हणून बाळ आल्याने पडणारा फरक तसा कमी असतो. इथे तो 3,650 रुपये, म्हणजे दिवसाला दहा रुपये.

मुलगी 12 जानेवारीची. जन्माचा दिवस पहिला धरला तर 12 एप्रिल हा एक्क्याण्णवावा दिवस. त्या दिवसापासून 31 ऑक्टोबरपर्यंत दोन्ही दिवस धरून 203 दिवस उरतात. म्हणून भरायचे 2,030 रुपये. गणित एवढंच: दोन दरांमधला फरक, गुणिले उरलेले दिवस, भागिले 365. फ्लोटरसारख्या वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, त्यामुळे या रकमेवर आता 18 टक्के लागत नाहीत. कोणी जुन्या सवयीने ते धरून आकडा सांगितला तर तपशील लेखी मागा.

कंपनीचा आकडा तुमच्यापेक्षा थोडा वेगळा आला तर आधी दोन गोष्टी बघा: सवलत दोन्ही दरांवर सारखी धरली आहे का, आणि दिवस कोणत्या तारखेपासून मोजले आहेत. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला म्हणून खूश होऊ नका. वरच्याच उदाहरणात 1,530 रुपये मागितले, तर त्याचा अर्थ कंपनीने 1 जूनपासून 153 दिवस मोजले. पाचशे रुपये वाचले, पण मधले 50 दिवस बाळाला विमा नव्हता.

आता कधी पाठवायचं ते बघू. नव्वद दिवस पूर्ण व्हायच्या आठ-दहा दिवस आधी सगळे कागद पाठवून प्रीमियमचा आकडा मागवून घ्यावा. काही कंपन्यांची यंत्रणा नव्वद दिवस भरण्याआधी नाव घेतच नाही. तसं असेल तर कागद तयार ठेवून एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळीच अर्ज द्या. पैसे कंपनीच्या लिंकवर किंवा शाखेतच भरा. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे कंपनीला पोचले असं धरता येत नाही, आणि मधल्या दोन-चार दिवसांत बाळाला ॲडमिट करावं लागलं तर वाद तिथेच सुरू होतो. पावती घ्या, तिच्यावरची तारीख आणि वेळ बघा.

एन्डॉर्समेंट हातात आल्यावर

एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीत बदल झाल्याचं कंपनीचं पत्र. क्लेमच्या वेळी तेच पुढे ठेवायचं असतं, म्हणून ते ओळन् ओळ वाचा. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, पॉलिसीधारकाशी नातं, आणि मुख्य म्हणजे अंमल कधीपासून. ती तारीख तुम्ही मागितलेल्या तारखेपेक्षा पुढची असेल तर त्याच दिवशी कारण विचारा.

त्यानंतर प्रतीक्षा कालावधी. तुमची पॉलिसी सहा वर्षांची जुनी असली तरी बाळ त्यात आजच आलं आहे. मधेच घेतलेल्या नव्या सदस्याला सुरुवातीचे 30 दिवस साधारणपणे लागू होतात, म्हणजे आपल्या उदाहरणात आजारपणाचं संरक्षण 12 मेपासून. अपघात असेल तर ही अट नसते. मातृत्व लाभातून बाळ पहिल्या दिवसापासून संरक्षणात होतं आणि खंड पडला नाही, तर काही पॉलिसी हे 30 दिवस पुन्हा लावत नाहीत. याचा खुलासा मेलवर घेऊन ठेवा.

हर्निया, हायड्रोसील यांसारख्या ठरावीक आजारांची एक यादी असते, त्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. मोठ्यांचे आजार म्हणून ती यादी वाचायची राहून जाते. पण हेच दोन त्रास तान्ह्या मुलांमध्येही बऱ्यापैकी दिसतात, आणि बालशल्यचिकित्सक हर्नियाचं ऑपरेशन लवकर करायला सांगतात. जन्मजात दोषांचंही बघा. हृदयातल्या छिद्रासारखे आतले दोष आणि दुभंगलेल्या ओठासारखे बाहेरून दिसणारे दोष यांत कंपन्या फरक करतात, आणि बाहेरून दिसणारे दोष बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात.

विम्याची रक्कम मात्र वाढत नाही. पाच लाख दोघांचे होते, ते आता तिघांचे झाले. ती वाढवायची तर नूतनीकरणाच्या वेळी.

अर्ज अडकला तर

पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा, त्यात रिक्वेस्ट क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती द्या. त्याने काम झालं नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, आणि तिथे फी लागत नाही.

पहिलं नूतनीकरण

बाळाला वर्षाच्या मध्ये घेतलं असेल तर नूतनीकरणाची नोटीस आली की तिच्यात तीन नावं आहेत का ते बघा, आणि रक्कम पूर्ण वर्षाच्या दराने, म्हणजे उदाहरणातल्या 21,650 च्या आसपास आहे का तेही. मधल्या काळात घेता आलं नसेल आणि नूतनीकरणाची वाट बघत असाल, तर प्रीमियम खात्यातून आपोआप कापला जाण्याची सोय आधी थांबवा. ती जुन्या दोन नावांसकटच पॉलिसी पुढे चालू करते आणि बाळ आणखी एक वर्ष बाहेर राहू शकतं. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी बाळाचा जन्मदाखला देऊन तीन नावांची नवी नोटीस मागवा, आणि पैसे त्याच नोटिशीवर भरा.